काडी ओढण्याआधीचा अर्धा तास

‘माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. आधी गिरणीत आणि नंतर वॉचमन म्हणून नोकरी केली. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे महिन्यापूर्वी रुग्णालयात होते. घरी सोडताना ऑक्सिजनचे मशीन घ्यायला लावले आणि दोन लिटरवर रोज निदान सोळा तास लावा असे सांगितले. परळच्या चाळीत आमची दहा बाय पंधराची एकच खोली आहे. पलंगापासून गॅसचा ओटा सहा फुटांवर, देव्हारा त्याहून जवळ. सासूबाई दोन्ही वेळा दिवा लावतात आणि त्यांचा नेम चाळीस वर्षांत चुकलेला नाही. शेजारी म्हणतात, मशीनचा स्फोट होईल. दीर म्हणतात, दिवसा मशीन बंदच ठेवा आणि रात्री चार लिटरवर लावून भरपाई करा. त्यातच पहाटे गॅलरीतून विडीचा वास येतो. मी काय काय बंद करू आणि कोणाकोणाशी भांडू?’
— एक सून, परळ

ताई, शेजाऱ्यांच्या भीतीपासून सुरुवात करते. तुमच्या घरातले मशीन म्हणजे सिलिंडर नव्हे. ते खोलीतलीच हवा आत ओढते, त्यातला नायट्रोजन गाळून अडवते आणि उरलेला, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध असा ऑक्सिजन नळीतून पुढे सोडते. त्याच्या पोटात कसलाही मोठा साठा नसतो आणि बटण बंद केले की निर्मितीही थांबते, त्यामुळे त्याचा बॉम्बसारखा स्फोट होईल ही भीती मनातून काढून टाका. ऑक्सिजन स्वतः जळतही नाही. तो दुसऱ्या वस्तूंना जळायला मदत करतो, आणि तुमच्या घरातला धोका तिथेच आहे. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटरने सोडलेल्या ऑक्सिजनपैकी काही भाग फुप्फुसात जातो आणि बाकीचा नाकाभोवती, मिशांत, सदऱ्याच्या गळ्यात, उशीत आणि अंगावरच्या गोधडीत मुरतो. असे मुरलेले कापड दिसायला नेहमीसारखेच असते, त्याला वासही येत नाही, पण त्यावर ठिणगी पडली तर एरवी जे नुसते काळे पडून विझले असते ते भडकून पेटते, आणि हाताने झटकून विझवायला सवड मिळत नाही.

छातीच्या आजारांच्या रुग्णांकडे घरी जाऊन ऑक्सिजनची घडी बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. आग लागलेली जी दोन घरे मी पाहिली, त्या दोन्हींत मशीन धडधाकट होते. त्यातल्या एका घरी आजोबांनी नळी नाकातून काढून गळ्यात अडकवली होती, मशीन चालूच होते, आणि त्यांनी विडी पेटवली. नळीने पेट घेतला, मिशा आणि नाकपुड्या भाजल्या, सदऱ्याचा गळा जळाला. मुलाने भिंतीवरचे बटण वेळेवर बंद केले म्हणून आग पलंगापर्यंत पोचली नाही. मशीन बंद केल्याशिवाय नळी काढायची नाही आणि चालू नळी गादीवर, उशीवर किंवा गोधडीत टाकून उठायचे नाही, हा नियम मी तेव्हापासून प्रत्येक घरी सर्वांत आधी सांगते. शौचाला जाताना, फोन घ्यायला उठताना, पाहुणे आल्यावर माणसे नळी काढून उशीवर ठेवतात आणि दहा मिनिटांनी परत लावतात. तेवढ्या वेळात वीस लिटर ऑक्सिजन त्या उशीत आणि गादीत गेलेला असतो.

आता तुमच्या खोलीकडे येऊ. परदेशातल्या सूचनांत उघड्या ज्योतीपासून तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट, अंतर ठेवायला सांगतात. दहा बाय पंधराच्या खोलीत पलंग, ओटा, देव्हारा आणि मोरी मांडल्यावर हे अंतर कुठून आणणार? म्हणून अशा घरांत मी वेळ वेगळी करायला सांगते. ज्या वेळी ऑक्सिजन चालू असेल त्या वेळी खोलीत ज्योत नाही, आणि ज्या वेळी ज्योत असेल त्या वेळी ऑक्सिजन बंद. अंगावरच्या कपड्यांतला ऑक्सिजन निघून जावा म्हणून या दोहोंच्या मध्ये अर्धा तास मोकळा सोडायचा. वीस मिनिटे पुरतात असेही सांगितले जाते, पण बंदिस्त खोली, जाड गोधडी आणि थंडीतला स्वेटर लक्षात घेता मी अर्धा तासच धरते. त्या अर्ध्या तासात खिडकी आणि दार उघडे ठेवावे, पंखा लावावा, पांघरूण गॅलरीत झटकून घ्यावे आणि सासऱ्यांचा सदरा बदलावा.

हे शक्य होते, कारण डॉक्टरांनी सोळा तास सांगितले आहेत, चोवीस नव्हे. या तासांमागे बराच जुना अभ्यास आहे. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि ब्रिटनमधील दोन चाचण्यांतून असे दिसले की, रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असलेल्या रुग्णांना रोज पंधरा तास किंवा त्याहून अधिक वेळ ऑक्सिजन दिला तर त्यांचे आयुष्य वाढते. २०२४ साली स्वीडनमधील चाचणीत पंधरा तास आणि चोवीस तास अशी थेट तुलना झाली, तेव्हा चोवीस तास लावल्याने मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नाही. म्हणजे दिवसातले काही तास तुमच्या हातात आहेत, ते नीट वापरायचे.

तुमच्या घरचा दिवस असा बसवून पाहा. सकाळी सहाला मशीन बंद करायचे. साडेसहाला पहिली काडी ओढायची आणि साडेआठपर्यंत चहा, डबे, दुपारचा स्वयंपाक, अंघोळीचे पाणी आणि देवपूजा, सगळे उरकायचे. या वेळात सासऱ्यांनी गॅलरीत खुर्चीवर बसावे, कारण फोडणीचा धूर त्यांच्या फुप्फुसांना तसाही सोसत नाही. साडेआठला गॅसचा रेग्युलेटर बंद, निरांजन शांत, उदबत्तीचे टोक पाण्यात विझवलेले, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच मशीन सुरू करायचे. पुढे संध्याकाळी सहापर्यंत ते अखंड चालू ठेवता येते. जेवताना नळी काढायची गरज नाही, आणि दुपारच्या चहासाठी विजेची किटली पुरते. सहाला पुन्हा बंद, साडेसहाला दिवेलागण आणि स्वयंपाक, साडेनऊला सगळे विझवून मशीन सुरू, ते थेट पहाटे सहापर्यंत. बेरीज करून पाहा: दिवसाचे साडेनऊ तास आणि रात्रीचे साडेआठ, म्हणजे अठरा तास. डॉक्टरांच्या सोळांपेक्षा दोन जास्तच, आणि दोन्ही वेळचा दिवाही जागेवर.

ही घडी बसवण्याआधी एक गोष्ट मात्र तपासावी लागेल. नळी काढल्यावर सासऱ्यांचे काय होते, हे ऑक्सिमीटरवर पाहा. त्यांना खुर्चीत शांत बसवा, बोट ऊबदार असू द्या आणि मशीन बंद करण्यापूर्वी, मग पाच, पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी आकडा वहीत लिहा. बोटात लावल्यावर मिनिटभर थांबून, स्थिर झालेलाच आकडा घ्यायचा. हा कागद डॉक्टरांना दाखवून, किती आकड्यापर्यंत आणि किती वेळ चालेल, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. काही रुग्णांचा आकडा हळूहळू दोन-तीनने उतरून स्थिरावतो आणि त्यांना ही घडी मानवते. काहींचा मात्र पाच-दहा मिनिटांतच ऐंशीच्या खाली येतो, ओठ निळसर होतात, जीव घाबरा होतो. असे झाले तर लगेच ऑक्सिजन परत लावा, आणि वेळेची ही वाटणी तुमच्या घरासाठी नाही असे समजा. मग ज्योतच खोलीबाहेर जायला हवी: स्वयंपाक इंडक्शनच्या शेगडीवर आणि दिवा विजेचा, किंवा सासऱ्यांपासून दूर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. इंडक्शन घेतल्यास शेगडी आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. मशीन साधारण साडेतीनशे वॉट घेते आणि शेगडी पंधराशे ते दोन हजार, त्यामुळे बोर्डाची वायर तापते. मशीन नेहमी भिंतीवरच्या स्वतंत्र प्लगवर, भिंत आणि पडद्यापासून फूटभर दूर असावे.

अंघोळ मात्र बंद वेळात नको. सकाळी गॅसवर तापवलेले पाणी झाकून ठेवा आणि साडेआठनंतर, मोरीत स्टुलावर बसवून, नळी लावूनच अंघोळ घालावी, कारण अंग चोळणे, वाकणे आणि हात वर करणे यांतच या रुग्णांचा आकडा सर्वांत जास्त उतरतो. सार्वजनिक शौचालय गॅलरीच्या टोकाला असेल तर तिथवर चालतानाचा आकडाही एकदा वहीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

दिरांचा हिशेब वरवर पटण्यासारखा आहे. दिवसा बुडाले ते रात्री दुप्पट देऊन भरून काढू, असा तो हिशेब. पण शरीराला ऑक्सिजन साठवून ठेवता येत नाही. जादा दिलेला ऑक्सिजन नळी काढल्यावर काही मिनिटांत संपतो, त्यामुळे रात्रीचे चार लिटर दुसऱ्या दिवशी दुपारी उपयोगी पडत नाहीत. शिवाय सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे उलटाच परिणाम होतो. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोचत नाही तिकडचे रक्त शरीर एरवी दुसरीकडे वळवते; ऑक्सिजन वाढला की ही वळवणूक सैल पडते, श्वासही थोडा मंदावतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. झोपेत श्वास मुळातच उथळ असतो, म्हणून रात्रीच हा धोका अधिक. टास्मानियात रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतकाच दिला, तेव्हा सीओपीडीच्या रुग्णांतले मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर ९० हा आकडा सासऱ्यांसाठी उत्तम आहे, आणि ९७ दिसला म्हणून आनंद मानायचा नाही.

इथे घरचे लोक हमखास फसतात, कारण बोटावरचे यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. माणूस गुंगीत असतो आणि पडद्यावर मात्र ९६ दिसत असतात. सकाळी उठल्यावर डोके जड असणे किंवा दुखणे, दिवसा बसल्या जागी पेंगणे, बोलण्यात गोंधळ, पुढे ताठ धरलेल्या हातांचे पंजे फडफडणे, ही त्याची लक्षणे. ती दिसली तर ऑक्सिजन एकदम काढून टाकू नका, कारण त्याने आकडा धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. मशीन सांगितलेल्या दोन लिटरवर आणा आणि १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या. एरवी धाप वाढली की गुंडी फिरवण्याआधी आकडा पाहा. आकडा ८८ च्या वर असेल तर धाप ऑक्सिजनच्या कमतरतेची नाही, कफाची, चालण्याची किंवा घाबरण्याची असू शकते. पुढे वाकून टेकून बसवा, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला लावा आणि डॉक्टरांनी दिलेला पंप द्या. वीस-तीस मिनिटांत उतार पडला नाही किंवा आकडा खाली राहिला तर डॉक्टरांना कळवा. मशीनवरच्या उभ्या नळीत तरंगणाऱ्या गोळीचा मध्य जिथे दोनच्या रेघेवर येतो तिथे बाहेरून लाल टेप लावून ठेवा. दीर आले की त्यांनाही ती दाखवा.

विडीबद्दल लिहिताना मला अवघडल्यासारखे होते, कारण गिरणीच्या पाळ्या केलेल्या माणसाला सुनेने हे कसे सांगावे, हा प्रश्न रास्त आहे. खिसे तपासू नका. त्याने माणूस लपून ओढतो, आणि लपून ओढणारा घाईत ओढतो. पहाटे ते नळी काढून, रात्रभर ऑक्सिजनमध्ये भिजलेल्या त्याच सदऱ्यात, थेट गॅलरीत जातात, आणि पहिली काडी सदऱ्याच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर पेटते. एवढे चित्र त्यांच्यासमोर नुसते मांडा, उपदेश नको. माझ्या अनुभवात ‘कॅन्सर होईल’ या वाक्याने कोणी विडी सोडली नाही, पण ‘मिशा पेटतील आणि नातू शेजारी झोपलेला असेल’ हे वाक्य ऐकून दोघांनी सोडली. विडी सुटेपर्यंत तरी, मशीन बंद, सदरा बदललेला आणि अर्धा तास झालेला, याशिवाय काडी नाही, ही अट मात्र सासूबाईंच्या तोंडून जाऊ द्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. निकोटीनच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारा, विशेषतः त्यांना हृदयाचा त्रास असेल तर. एवढे करूनही विडी सुटत नसेल आणि अटही पाळली जात नसेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. मग ऑक्सिजन चालू ठेवायचा की नाही हा निर्णय त्यांचा, आणि तो कटू असला तरी माहिती असताना घेतलेला बरा.

सासूबाईंकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी जबाबदारी घेऊन जा. काडेपेटी आणि लायटर त्यांच्याकडेच द्या. मशीन सुरू होण्याआधी दिवा, उदबत्ती आणि गॅस पाहून ‘लावा’ म्हणण्याचा अधिकार त्यांचा. दुसऱ्या एका चाळीत असेच करून पाहिले होते, आणि तिथल्या आजींनी दोन आठवड्यांत डॉक्टरांपेक्षा कडक शिस्त लावली. दिवा शांत करणे त्यांना खटकत असेल तर वाटीत तेलच बेताचे घालावे, म्हणजे तो वेळेत आपोआप शांत होतो. डासांची कॉईल आणि धूप मात्र पूर्ण बंद, कारण निखारा दिसत नसला तरी तो पुरेसा असतो. त्यांच्या हातचे खोबरेल तेल सासऱ्यांच्या केसांना थोडे लागले म्हणून घाबरू नका, पण नाक कोरडे पडले तर तिथे तेल, बाम किंवा व्हॅसलीन लावू नये. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली जेल मिळते.

वीज गेली तर काय, म्हणून जवळ सिलिंडर ठेवायचा विचार होईलच. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तो दिवस बऱ्याच घरांच्या लक्षात आहे. पण नळीविना तासभर बसण्याची चाचणी ठीक झाली असेल, तर दोन तासांची वीज जाणे हा बंद वेळेचाच भाग समजता येतो. चाचणीत आकडा उतरला असेल तर मात्र सिलिंडर हवाच. घरगुती वापराच्या ‘बी’ सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे दोन लिटरने साधारण बारा तास. काटा अर्ध्यावर असेल तर सहा तास. तो भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवा, ओट्यापासून दूर. त्याच्या झडपेला तेल लागता कामा नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की काडी न लावताही पेटू शकते, म्हणून डोक्याला तेल लावलेल्या हाताने ती झडप कोणीही उघडायची नाही.

काही पेटलेच, तर सर्वांत आधी नळी चेहऱ्यावरून काढा, भिंतीवरचे बटण बंद करा, माणसाला गॅलरीत आणा आणि १०१ ला फोन करा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा; बर्फ किंवा टूथपेस्ट नको. शेजारच्या दोन खोल्यांना घरात ऑक्सिजन आहे हे सांगून ठेवा आणि दारावर तसा कागद लावा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारायची आहे. आजार बळावला असताना घरी नेलेला ऑक्सिजन प्रत्येकाला कायम लागतोच असे नाही. फुप्फुसे सावरली की काहींची गरज संपते. म्हणून घरी आल्यापासून दोन ते तीन महिन्यांच्या आत मनगटातल्या धमनीतले रक्त घेऊन केली जाणारी एबीजी तपासणी पुन्हा करून घ्या. तुमचा एक महिना झाला आहे. आकड्यांची वही, विडीची खरी हकिकत आणि सकाळी डोके दुखते की नाही याची नोंद, एवढे घेऊन पुढच्या ओपीडीला जा, आणि ‘यांना हे अजून लागते का’ हे स्पष्ट विचारा.